शेवटच्या ओळीचं काय करायचं

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला फोन आला तेव्हा फादर स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला चिंधी बांधत होते. फोनवर चर्चला येणारी एक नर्स होती. सात आठवड्यांच्या आजारानंतर तिची आई पहाटे गेली होती. ती रडत नव्हती. वॉर्डातला पेशंट पुढच्या शिफ्टच्या हवाली करावा तसं तिनं सगळं क्रमानं सांगितलं: शुक्रवारी साडेदहा, भाऊ उद्या पोचतोय, बाबा बरे आहेत, म्हणजे बसून आहेत.

"आणि फादर, शुभवर्तमानातला उतारा आईचा ठरलेला आहे. येशू शिष्यांना सांगतो ना, पित्याच्या घरी भरपूर जागा आहे म्हणून? तोच. हॉस्पिटलात मी तिला रोज वाचून दाखवत होते."

"चालेल," फादर म्हणाले. अंत्यविधीसाठी नेमून दिलेल्या उताऱ्यांपैकीच तो एक होता आणि मागणाऱ्या दहा घरांतली चार तोच मागत. फोन ठेवून ते पुन्हा नळाकडे वळले. चूक झाली होती, पण ती लक्षात आली दुसऱ्या दिवशी.

फादर चौपन्न वर्षांचे होते आणि चर्चमागच्या दोन खोल्यांत एकटे राहत. तीन वर्षांपूर्वीपर्यंत पुढच्या खोलीत थोरले फादर होते. धाकट्यानं प्रवचन लिहायचं, थोरल्यानं तिसऱ्या बाकावर बसून ते ऐकायचं आणि शेवटी एक बोट वर करायचं (एक मिनिट कापा) किंवा दोन (दोन मिनिटं कापा, आणि तो विनोदही). थोरले गेले तेव्हा खोली रिकामी झाली. तिसरा बाक रिकामा झाला तो फादरांना जास्त जाणवला. मग त्यांनी एक युक्ती काढली होती. प्रवचन फोनवर रेकॉर्ड करायचं, फोन वाचनपीठावरच्या माइकसमोर ठेवून चालू करायचा आणि आपण बाकांवर जाऊन बसायचं, ज्या जागेवर जो माणूस बसणार त्या जागेवर. आधी मुलीच्या, मग मुलाच्या, मग नवऱ्याच्या. आपलाच आवाज, पण त्यांच्या कानांनी.

बुधवारी दुपारी चार वाजता ते त्या घरी गेले. दुसरा मजला, पुढच्या खोलीत एक लांब सोफा, आणि सोफ्याच्या पार टोकाला, पाहुण्यासारखे टेकून बसलेले वडील. चर्चच्या लोकांना ते 'बाहेरचे काका' म्हणून माहीत होते. काकांचा धर्म वेगळा. लग्न चर्चच्या रीतसर परवानगीनं झालं होतं, मुलांचे बाप्तिस्मेही झाले, आणि एक्केचाळीस वर्षं दर रविवारी ते बायकोला फाटकापाशी सोडून समोरच्या कट्ट्यावर पेपर वाचत थांबत. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते. कुठलाही कागद हाती आला की उलटून मागची बाजूही वाचायची, ही सवय गेली नव्हती.

मुलगा दंतवैद्य होता. त्यानं दार उघडलं, हात मिळवला आणि म्हणाला, "तुम्हाला फादर म्हणायला मला आता जमत नाही. सर चालेल?"

"डॉक्टर म्हणू नका म्हणजे झालं. लोक गोळ्या मागतात."

तो थोडा हसला. मग बसता बसता म्हणाला, "मी सरळ सांगतो. माझा यातल्या कशावर विश्वास नाही. पण आईचा होता, तेव्हा तुमचं जे आहे ते नीट करा. गुळमुळीत नको. आणि 'देवाची इच्छा' हा शब्द आला तर मी उठून जाईन. सात आठवडे मी बघितलंय तिला."

"तो माझ्याकडून येणार नाही. तुमच्यासाठी म्हणून नव्हे. मलाही तसं वाटत नाही."

"दादा, तू आता फादरांना शिकव," बहीण चहा ठेवत म्हणाली. "फादर, तुम्ही एवढं तरी सांगा, की आई आता स्वर्गातून आपल्याकडे बघतेय. लोक किती येणार आहेत, त्यांनाही बरं वाटेल."

हे फादरांना दर वेळी नव्यानं सांगावं लागे. अंत्यविधीचं प्रवचन म्हणजे गेलेल्या माणसाचं गुणगान नव्हे, आणि निकालही नव्हे. कोण कुठे पोचलं हे जाहीर करायचा अधिकार वेदीवरच्या माणसाला नाही. "आपण तिच्यासाठी प्रार्थना करायला जमतोय," ते म्हणाले. "ती पोचली हे मला पक्कं ठाऊक असतं तर प्रार्थना कशाला केली असती? मागतो, कारण आशा आहे. मोठी आशा आहे. तिच्या आठवणी तुमच्यापैकी कोणी शेवटी सांगा, निरोपाच्या प्रार्थनेच्या आधी. तीन मिनिटं."

नर्सचा चेहरा पडला. फादरांना ते दिसलं, पण शब्द मागे घेण्याजोगा नव्हता. त्यांच्या स्वतःच्या आईच्या वेळी प्रवचन करणाऱ्यानं तिला पहिल्या मिनिटातच स्वर्गात नेऊन बसवलं होतं. पुढचा तासभर पहिल्या बाकावर बसून फादरांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: आता तिच्यासाठी कोणी काही मागणार नाही.

"काका, तुम्ही सांगा काहीतरी," ते सोफ्याच्या टोकाकडे वळले. "त्या काय करायच्या?"

"टेलिफोन एक्स्चेंजला होती," काका म्हणाले. "जुन्या काळी. बाहेरगावचा नंबर मागायचा असला की हिच्यामार्फत. ही जोडून द्यायची आणि बाजूला व्हायची. कोणाचं बाळ झालं, कोणी वारलं, सगळं हिच्या हातून जायचं. पण बोलणाऱ्यांना हिचं नावसुद्धा माहीत नसायचं." ते थांबले. "मला मात्र माहीत होतं. मी रोज खोटे नंबर मागायचो."

"बाबा!" नर्स म्हणाली, आणि दोघंही भावंडं हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच असावीत.

फादर उठले तेव्हा काका त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आले. लेकीनं संगणकावर तयार केलेला विधीचा कागद त्यांच्या हातात होता. उताऱ्यांसकट सगळं त्यात छापलेलं होतं. काकांनी तो उलटला आणि मागच्या बाजूच्या खालच्या भागावर बोट ठेवलं.

"फादर, ही शेवटची ओळ. पित्याकडे जायचं ते फक्त येशूमार्फत, असा अर्थ आहे ना हिचा?"

फादरांनी वाकून ती ओळ पाहिली. भरपूर जागा असलेल्या घराचा उतारा त्या ओळीवर संपतो हे त्यांना पाठ होतं. इतकं पाठ, की फोनवर ते आठवलंच नाही.

"हो," ते म्हणाले.

"तुमच्यात मेल्यावर पुन्हा भेटतात म्हणे. ही म्हणायची. मग मला धरतात का त्यात?" आवाजात तक्रार नव्हती. तराजूचा काटा बघून विचारावं तसं विचारलं होतं. "नसेल तर नसेल. मापात नाही बसत तर नाही बसत. पण ती ओळ माझ्यासमोर मोठ्यानं वाचली जाणार, आणि मी तिथे पहिल्या बाकावर बसणार, हे काही मला झेपायचं नाही. मी बाहेरच थांबतो. पोरांना अजून बोललो नाही."

"आत नाही आलात तर मी काय बोललो ते कसं कळेल?"

"बाहेर कर्णा आहे की. एक्केचाळीस वर्षं ऐकतोय. तुमचं ते बावीस मिनिटांचंसुद्धा ऐकलंय."

फादर जिना उतरले. बायकोच्या अंत्यविधीला नवरा रस्त्यावर उभा राहणार होता, आणि तो आत येईल की नाही हे आता सात मिनिटांच्या बोलण्यावर होतं.

गुरुवारी सकाळची मिस्सा, म्हणजे रोजची उपासना, आटोपून ते टेबलाशी बसले. पहिला मोह साधा होता: ओळ गाळायची. उतारा एक ओळ आधी थांबवला तर ऐकणाऱ्यांतल्या पाच जणांनाही कळणार नाही. पण नेमून दिलेला उतारा आपल्या सोयीनं कापायची मुभा नाही, आणि काकांनी तर ती ओळ बोट ठेवून वाचलेली. गाळली असती तर त्यांना एकच अर्थ लागला असता, की उत्तर 'नाही' आहे आणि फादरांना ते सांगायची लाज वाटते. दुसरा मोह उतारा बदलण्याचा. मग लेकीला काय सांगायचं? सात आठवडे जे वाचलंस ते तुझ्या बापाला चालत नाही?

त्यांनी लिहायला घेतलं. दुपारी दीडपर्यंत मसुदा तयार झाला. त्यात लेकीसाठी एक परिच्छेद होता, मुलासाठी एक, काकांसाठी एक. पंगतीत वाढावं तसं प्रत्येकाच्या पानात काहीतरी. 'आपण पुनरुत्थानाची आशा बाळगतो' असं लिहिलं तर मुलगा फरफटत आत येत होता. 'आम्ही' केलं तर काका उघड बाहेर पडत होते. शेवटच्या ओळीविषयी एक गोल वाक्य होतं: देवाचं प्रेम सर्वांना सामावून घेतं.

चर्च रिकामं होतं. फादरांनी फोन माइकसमोर ठेवला, चालू केला आणि चटचट चालत पहिल्या बाकावर जाऊन बसले, मधल्या वाटेकडून पहिली जागा, काकांची. आवाज वरून आला. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

"स्वतःचंच ऐकताय होय?" मागून कोणीतरी म्हणालं. मेस्त्री होते. सुतारकाम सोडल्यावर चर्चची किल्ली, घंटा आणि मेणबत्त्या त्यांच्याकडे आल्या होत्या. शवपेटी ठेवायची घडवंची ते आत आणत होते. "दुसरं कोणी ऐकेना म्हणून?"

"तसंच समजा. कसं वाटलं?"

मेस्त्रींनी घडवंची मधल्या वाटेत ठेवली, हलते का बघितली. "गोड आहे. पण ती मार्फत-बिर्फतची ओळ तुम्ही वाचणार, आणि वाचलीत की सगळं चर्च बाहेरच्या काकांकडे बघणार. तुम्ही सोडून. तुम्ही कागदाकडे बघणार."

"काका आत नसतील."

मेस्त्री ताठ झाले. "म्हणजे?"

फादरांनी सांगितलं. मेस्त्रींनी घडवंचीचा एक पाय चाचपला. "मग 'सर्वांना सामावून घेतं' म्हणून त्यांना आत आणणार? तो वजनमापाचा माणूस. सर्वांना म्हणजे किती जणांना, ते विचारेल."

मेस्त्री गेले. फादर बसून राहिले. थोरले असते तर त्यांनी किती बोटं वर केली असती ते कळत नव्हतं. बहुधा बोटं केलीच नसती. उठून निघून गेले असते. त्यांनी पुस्तक उघडलं आणि उतारा पुन्हा वाचला, या वेळी शेवटाकडून सुरुवातीकडे. ती ओळ सुटी नव्हती. ते एक उत्तर होतं. मरणाच्या आदल्या संध्याकाळी, जेवणाच्या ताटावर, घाबरलेल्या मित्रांतला एक जण येशूला म्हणाला होता की तू कुठे चाललास ते आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? त्याला ते उत्तर मिळालं होतं. ज्याला वाट माहीत होती त्याला नव्हे. ज्यानं माहीत नाही असं कबूल केलं त्याला.

हे फादरांना ठाऊक नव्हतं असं नाही. सेमिनरीत परीक्षेला आलं होतं. पण काकांच्या जागेवर बसून त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं.

आणि मग एक्स्चेंज आठवलं. मार्फत. जोडून द्यायची आणि बाजूला व्हायची.

इथे धोका होता आणि तो त्यांना लगेच दिसला. काका, तुम्ही नकळत आमचेच होतात, असं ऐकू गेलं तर तो माणसाच्या एक्केचाळीस वर्षांचा अपमान. आणि कोणाच्याही मार्फत चालतं असं म्हटलं तर तो ओळीचा. दोन्हींच्या मधून जाणारी वाट अरुंद होती. त्यांनी जुना मसुदा बाजूला ठेवून कोरा कागद घेतला. संध्याकाळी पाचला दुसरं रेकॉर्डिंग झालं, सहाला तिसरं. तिसऱ्या वेळी ते आतल्या कुठल्याच बाकावर बसले नाहीत. बाहेरचा कर्णा चालू केला, रस्ता ओलांडला आणि कट्ट्यावर जाऊन बसले. एक दुचाकी गेली तेव्हा अर्धं वाक्य बुडालं. त्या जागी त्यांनी वाक्य तोडून दोन केली.

शुक्रवारी साडेदहाला पेटी दारात आली. फादरांनी दारातच तिच्यावर पवित्र जल शिंपडलं. बाप्तिस्म्याची आठवण ती. मग पांढरं वस्त्र पसरायचं होतं. दोन टोकं नर्सनं धरली, एक दंतवैद्यानं, आणि चौथं, कोणी न सांगता, काकांनी. त्यांनी सुरकुती हातानं सारखी केली. पेटी आत निघाली, पाय वेदीकडे, उशाशी मोठी मेणबत्ती. काका उंबऱ्यापाशी थांबले. नर्सनं मागे वळून पाहिलं आणि तिला कळलं. "बाबा," ती एवढंच म्हणाली. दंतवैद्यानं तिच्या दंडाला धरून तिला पुढे नेलं.

पहिल्या बाकावर मधल्या वाटेकडची जागा रिकामी राहिली. दारात ऊन होतं. उन्हात माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसत होत्या. कोण कुठली ते कळत नव्हतं.

फादरांनी उतारा शेवटच्या ओळीसकट वाचला. आवाज खाली आणला नाही. मग कागदावरून नजर उचलली.

"ही ओळ ऐकायला जड आहे," त्यांनी सुरुवात केली. "आज जास्तच. म्हणून तिच्यापासूनच सुरू करतो."

त्यांनी त्या जेवणाच्या ताटावरच्या माणसाविषयी सांगितलं, ज्याला वाट ठाऊक नव्हती. चर्चची श्रद्धा त्यांनी जशीच्या तशी मांडली: येशू मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि पित्याकडे जो कोणी पोचतो तो त्याच्यामार्फत पोचतो. "हे मी मऊ करून सांगणार नाही. ज्या बाईला आपण निरोप देतोय तिनं हे मऊ करून मागितलं नव्हतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आज ते पटवून घ्यावं असंही मी म्हणत नाही. ते तिचं होतं. तेवढं ऐका."

दंतवैद्यानं मान वर केली.

"ती एक्स्चेंजमध्ये काम करायची. हजारो लोक तिच्यामार्फत एकमेकांशी बोलले. त्यांतल्या बहुतेकांना तिचं नाव कधी कळलं नाही. म्हणून त्यांचा फोन लागायचा राहिला नाही."

ते थांबले. बाहेर काहीतरी गेलं. ते जाईपर्यंत थांबले.

"कोणाचा फोन लागला याची यादी माझ्याकडे नाही. चर्चनं काही माणसांना संत म्हटलं आहे. पण अमुक एक माणूस बाहेर राहिला, असं चर्चनं आजवर एकाही माणसाचं नाव घेऊन म्हटलेलं नाही. मीही म्हणणार नाही. ज्याचं नाव आत आहे तेही मी वाचून दाखवू शकत नाही, तिचंसुद्धा नाही. जोडून देणारा कोण, एवढंच मला सांगायला दिलंय. बाकीचं मागायचं असतं. आज आपण तिच्यासाठी मागू. ती तिच्या माणसांसाठी मागत असेल अशी मला आशा आहे. तिची सवय मोडली असेल असं वाटत नाही."

सात मिनिटं दहा सेकंद. नर्स रडत होती, मंगळवारपासून पहिल्यांदा.

ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांग लागली. ज्यांना तो घ्यायचा नाही त्यांनी जागेवर बसायचं, हे दंतवैद्याला लहानपणापासून माहीत होतं. तो बसून राहिला. रांग संपेपर्यंत फादरांची नजर खाली, हातांवर होती. निरोपाच्या प्रार्थनेसाठी धूपदाणी घेऊन ते पेटीला फेरी घालायला उतरले तेव्हा दंतवैद्य बाकावर आत सरकलेला दिसला आणि मधल्या वाटेकडच्या जागेवर काका बसलेले होते. हातातला पेपर घडी करून मांडीवर. कधी आले ते फादरांना कळलं नाही. प्रवचनात, की नंतर, की नुसते उन्हानं.

दफनभूमीत माती लोटून झाली. लोक दोन-दोन, तीन-तीन करून फाटकाकडे निघाले. नर्सनं फादरांचा हात दाबला, दंतवैद्य म्हणाला, "गुळमुळीत नव्हतं, सर," आणि गाडी आणायला गेला. काका मागे राहिले.

"तुम्ही हो म्हणाला नाहीत," ते म्हणाले.

"नाही."

"नाहीसुद्धा म्हणाला नाहीत."

"नाही."

काकांनी मान हलवली. माप बरोबर भरल्यावर हलवतात तशी, की दुसऱ्या कशाला, ते फादरांना सांगता आलं नसतं. "मागायचं असतं म्हणालात. तिच्यासाठी लेक मागेल. मी मागीन, माझ्या पद्धतीनं. पद्धत बदलायची नाही माझी."

"मी कुठे बदला म्हणतोय?"

"माझ्यासाठी ती आहे, तुम्ही म्हणता तसं असलं तर." काकांनी चष्मा पुसला. "तुमच्यासाठी कोण मागणार, फादर? तुम्हाला तर पोरंबाळं नाहीत."

"प्रत्येक मिस्सेत धर्मगुरूंसाठी प्रार्थना असते. सगळीकडे, रोज."

"ते सगळ्यांसाठी झालं. नाव घेऊन कोण?"

फादरांनी तोंड उघडलं. आई गेली होती, थोरले गेले होते. बहीण दूर होती आणि वर्षातून एकदा फोन करायची. ते आठवत राहिले, आणि आठवायला वेळ लागतोय हे काकांना दिसत होतं.

फाटकातून हॉर्न वाजला. "बाबा, चला!"

"आलो," काका म्हणाले, पण लगेच हलले नाहीत. "तुमचं नाव काय? फादर सोडून. इतक्या वर्षांत विचारलं नाही कधी."

फादरांनी सांगितलं. काकांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, उच्चार बरोबर आहे ना विचारलं आणि दगडांवरून सावकाश पावलं टाकत गाडीकडे गेले. फादरांनी गळ्यातला स्टोला, विधीचा तो लांब पट्टा, काढून घडी घातली. परतीची वाट पंचवीस मिनिटांची होती, आणि त्यांना गाडीत बसायला सांगायचं सगळेच विसरले होते.